रिकाम्या जागेतला ‘तो’ आणि ‘ते’

प्राथमिक शाळेच्या भाषेच्या तासाला एक अगदी साधा स्वाध्याय दिला जातो. वर्तमानकाळातली आठ-दहा वाक्यांची छोटी गोष्ट असते, प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाचा मूळ भाग, म्हणजे धातू, छापलेला असतो आणि त्यापुढचा प्रत्यय मुलाने भरायचा असतो. गोष्ट तृतीयपुरुषी एकवचनी, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा सोडून तिसऱ्या एकाच व्यक्तीविषयी किंवा वस्तूविषयी असल्यामुळे उत्तराचे पर्याय दोनच उरतात, ‘तो’ किंवा ‘ते’. इतक्या लहान प्रश्नात न्याय-अन्यायाचा मुद्दा कुठून येणार असे वाटू शकते. परंतु वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या गावातल्या, घरी विदर्भाची बोली बोलणाऱ्या मुलापुढे हीच गोष्ट ठेवली, की तो मुद्दा आपोआप उभा राहतो.

गोष्ट अशी घेता येईल: सूर्य उगव___. कोंबडा आरव___. आजी सडा टाक___. आई भाकर कर___. गडी बंडी जुंप___. बैल मान हलव___. वासरू उड्या मार___. सोनू शाळेत जा___.

प्रमाण मराठीत, म्हणजे पाठ्यपुस्तकांनी व शासनव्यवहाराने स्वीकारलेल्या मराठीत, वर्तमानकाळाचे हे रूप ‘त’ जोडून होते आणि म्हणून जुने व्याकरणकार त्याला ताख्यात म्हणतात. हा ‘त’ मुळात धातूपासून बनलेल्या विशेषणाचा, म्हणजे कृदन्ताचा असल्यामुळे विशेषणासारखाच तो कर्त्याचे लिंग दाखवतो. त्यामुळे सूर्य, कोंबडा, गडी आणि बैल यांना ‘तो’ लागते, आजी व आई यांना ‘ते’ लागते आणि नपुंसकलिंगी वासरालाही ‘ते’च लागते. वर्धा-नागपूरकडच्या बोलीत मात्र हा प्रत्यय लिंग न सांगता पुरुष सांगतो. ‘तो जाते’, ‘ती जाते’, ‘वासरू जाते’ असे तिन्ही लिंगांना एकच रूप चालते, आणि ‘तो’ हा प्रत्यय बोलणाऱ्याच्या स्वतःसाठी राखलेला असतो, म्हणूनच या भागातल्या अनेक स्त्रियाही सहज ‘मी येतो’ म्हणतात. ही बोलीची आपली घडण आहे आणि तिच्यात गोंधळ नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 साली निघालेल्या, मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी या मराठीच्या बोली म्हणून स्वतंत्रपणे नोंदवलेल्या आहेत.

घरचा नियम चोख पाळणारे मूल आता ही गोष्ट सोडवायला बसले, तर ते आठही जागी ‘ते’ लिहील. आजी, आई आणि वासरू ही तीन उत्तरे उत्तरपत्रिकेशी जुळतील, सूर्य, कोंबडा, गडी आणि बैल या चारांवर फुली पडेल, आणि सोनू मुलगी आहे असे शिक्षकांनी धरले तरच आठवे उत्तर बरोबर ठरेल. याच मुलाला आजी, आई, गाय, चिमणी आणि शेळी यांची गोष्ट दिली असती, तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, आणि केवळ बैल, कोंबडा, पोपट यांची दिली असती तर एकही मिळाला नसता. तिन्ही वेळा मुलाचे ज्ञान तेवढेच आहे. बदलली ती गोष्टीतल्या पुल्लिंगी नामांची संख्या. जी परीक्षा शिकणाऱ्याऐवजी गोष्ट रचणाऱ्याची निवड मोजते, तिच्या गुणांवर मुलाला हुशार किंवा कच्चे ठरवणे हे सरळ सरळ अन्यायाचे आहे, मग तो अन्याय नकळत घडलेला का असेना.

याच स्वाध्यायात आणखी एक असमानता दडलेली आहे. पुण्याकडच्या घरात वाढलेले मूल ‘वासरू उड्या मारतं’ असे बोलते, आणि त्याने तसे लिहिलेच तर ते बोलीतले रूप म्हणून बहुधा समजून घेतले जाते, कारण ‘जातं’, ‘मारतं’ ही रूपे कथा-कादंबऱ्यांत आणि वर्तमानपत्रांत सर्रास छापली जातात. ‘बैल मान हलवते’ हेही तसेच बोलीतले रूप असताना त्याच्या वाट्याला मात्र ‘अशुद्ध’ हा शब्द येतो. छापखान्याच्या जवळची बोली आणि दूरची बोली असा हा फरक आहे, आणि त्याची किंमत आठ वर्षांचे मूल मोजते. ऑक्टोबर 1937 मध्ये याच जिल्ह्यात, वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असे ठरवले होते. ज्या मुलाच्या आईची भाषा ‘गडी बंडी जुंपते’ अशी आहे, त्याच्या बाबतीत त्या ठरावाचा अर्थ लावणे अजून शिल्लक आहे.

प्रमाण रूप शिकवूच नये, असा याचा अर्थ नाही, कारण पुढची पुस्तके, अर्ज आणि परीक्षा त्याच रूपात येणार असल्याने ते न शिकवणे हाही त्या मुलावर अन्यायच होईल. प्रश्न चूक कशाला म्हणायचे हा आहे, आणि त्याचे उत्तर वहीतच सापडते. सर्व पुल्लिंगी जागी ‘ते’ आणि स्त्रीलिंगी जागीही ‘ते’ असेल, तर मूल एक नियम पाळत आहे आणि त्याला दुसऱ्या नियमाची ओळख हवी आहे. ‘कोंबडा आरवतो’ बरोबर आणि ‘बैल हलवते’ चूक अशी सरमिसळ असेल, तर ते प्रमाण नियमाच्या अर्ध्या वाटेवर आहे. सर्वांत काळजीची खूण म्हणजे ‘आई भाकर करतो’ हे वाक्य. घरी असे कोणीच बोलत नाही आणि पुस्तकातही असे नसते. फुल्यांनी धास्तावलेल्या मुलाने ‘ते’ म्हणजे चूक एवढाच धडा घेऊन सगळीकडे ‘तो’ लावल्याशिवाय हे वाक्य जन्माला येत नाही.

गोष्ट रचणाराही काही देणे लागतो. ‘सोनू’ हे नाव मुलाचे आणि मुलीचेही असते, त्यामुळे आधीच्या वाक्यात ते स्पष्ट केल्याशिवाय ती जागा तपासण्याजोगी होत नाही. गड्याच्या जागी ‘बाबा’ घातले, तर ‘जुंपतात’ हे आदरार्थी बहुवचन लिहिणारे मूल चुकलेले नसते, म्हणून एकवचनाच्या स्वाध्यायात वडीलधारी पुरुष आणूच नयेत.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, आणि तिथेही हाच स्वाध्याय ‘एस’ किंवा ‘ईएस’ जोडण्यासाठी येतो. ‘ही गोज, शी गोज, इट गोज’ या तिन्हींत प्रत्यय एकच असतो आणि तो लिंगाची दखल न घेता फक्त तिसऱ्या पुरुषाचे एकवचन दाखवतो. म्हणजे या एका बाबतीत इंग्रजीची घडण पुस्तकी मराठीपेक्षा वडनेरच्या घरातल्या बोलीला जवळची आहे. ‘तो जाते, ती जाते, वासरू जाते’ हे फळ्यावर लिहून त्याच्या शेजारी इंग्रजी वाक्ये मांडणाऱ्या शिक्षकाला लिंगाचा वेगळा खुलासा करावा लागत नाही. तरीही मुले ‘शी गो’ लिहीत राहतील, कारण हा प्रत्यय इंग्रजी घरात जन्मलेली मुलेही उशिरा आत्मसात करतात, असे रॉजर ब्राउन यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. तेव्हा तो सुटला म्हणून गुण कापण्याची घाई पहिल्या-दुसऱ्या वर्षी तरी करू नये.

मराठीच्या स्वाध्यायात एवढा बदल पुरतो, की सूचनेत ‘पुस्तकातल्या मराठीत लिहा’ हे शब्द असावेत आणि वहीत दोन रकाने आखून पहिल्यात मुलाने घरी म्हणतात तसे वाक्य व दुसऱ्यात पुस्तकातले वाक्य लिहावे. पहिल्या रकान्यावर फुली मारायची नाही. काही आठवड्यांनी दुसऱ्या रकान्यात बैल ‘हलवतो’ झाला, आई मात्र ‘करते’च राहिली आणि पहिल्या रकान्यातला बैल पूर्वीसारखाच ‘हलवते’ असला, तर मुलाला दोन्ही नियम कळले असे शिक्षकांनी समजावे, आणि गुण त्यानंतर द्यावेत.