घरात सगळ्यांचं चालतं, एकाचंच अडतं

वाय-फाय एकच, घरातल्या चार मोबाईलवर व्हिडिओ सुरळीत चाललेत, आणि पाचव्यावर मात्र Connected without internet. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला हात राऊटरच्या बटणाकडे जातो. खरं तर बाकीच्या चौघांनी राऊटरची साक्ष आधीच दिलेली असते. बिघाड शोधायचा तो त्या पाचव्या मोबाईलच्या आठवणीत.

शिरूरमधलं एखादं घर घेऊ. जुनं कनेक्शन बंद करून नवीन घेतलं. पुन्हा सगळ्यांना पासवर्ड सांगत बसायला नको म्हणून नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. सोय झाली खरी, पण घोळ इथेच होतो. मोबाईल नेटवर्क ओळखतो ते मुख्यतः नावावरून, आणि त्या नावाखाली साठवलेली सेटिंग्ज जशीच्या तशी वापरतो. थोरल्या मुलाने पूर्वी कधीतरी गेम अडखळतो म्हणून IP settings मध्ये DHCP काढून Static केलेलं असतं: पत्ता 192.168.1.50, गेटवे 192.168.1.1. नवा राऊटर बसलाय 192.168.29.1 वर. बाकीचे मोबाईल दर वेळी राऊटरकडून पत्ता मागून घेतात, म्हणून त्यांना बदल जाणवतही नाही. हा मात्र मागतच नाही. जुना पत्ता लावून, आता घरात नसलेल्या राऊटरच्या नावाने निरोप पाठवत राहतो.

मग Connected का दिसतं? कारण पासवर्ड जुळून रेडिओची जोडणी झाली की मोबाईलच्या लेखी एवढं काम पुरं होतं. पत्ता मागितला असता आणि मिळाला नसता, तर तो बहुधा जोडणीच्या पायरीवरच अडकला असता. स्टॅटिकमुळे ती पायरी गाळली जाते. पुढे अँड्रॉइड गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवून पाहतं. उत्तर आलं नाही की without internet लिहून मोकळं होतं. पडताळायला चालणारा मोबाईल शेजारी ठेवावा आणि दोघांच्या वाय-फाय तपशिलातला गेटवे वाचावा. आकडे वेगळे दिसले की चोर सापडला.

प्रॉक्सी ही दुसरी उरलेली आठवण. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या नेटसाठी लॅपटॉपवर प्रॉक्सीचा पत्ता हाताने भरला, समजा. अँड्रॉइडवर तो त्या एका वाय-फायपुरताच राहतो. विंडोजमधली ही सेटिंग मात्र सहसा सगळ्या लॅपटॉपला लागते आणि त्याच्याबरोबर घरी येते. खूण अशी, की `ping 8.8.8.8` ला उत्तरं येतात, पण ब्राउझर ERR_PROXY_CONNECTION_FAILED म्हणतो. प्रॉक्सी न जुमानणारी ॲप्स चालूच राहतात, त्यामुळे माणूस आणखी गोंधळतो.

तिसरी गोष्ट जरा निराळी. अँड्रॉइड 9 पासून Private DNS आलं, आणि जाहिराती बंद करण्यासाठी अनेकांनी व्हिडिओ पाहून तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव टाइप केलं. Automatic ठेवलं तर मोबाईल आधी सुरक्षित मार्गाने विचारतो आणि जमलं नाही तर साध्या मार्गावर येतो. नाव टाइप केलं की ही माघार बंद. तो सर्व्हर थांबला, नावात एखादं अक्षर चुकलं, किंवा नेटवर्कने 853 हे पोर्ट अडवलं, तर एकही वेबसाइट नावाने सापडत नाही. शिवाय ही सेटिंग एका वाय-फायची नसून अख्ख्या फोनची असते. नाव चुकलं किंवा सर्व्हर बंद पडला असेल तर मोबाईल डेटावरही हीच रड.

म्हणून सेटिंग्ज उघडण्याआधी अडलेला फोन दुसऱ्याच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तिथे चालला, तर आधी घरच्या वाय-फायच्या नावाखाली साठलेला स्टॅटिक पत्ता किंवा प्रॉक्सी पाहावी. Forget करून पुन्हा जोडलं की दोन्ही जातात. तिथेही नाही चालला, तर Private DNS पाहावं, आणि एखादं व्हीपीएन ॲप चालू नाही ना तेही. Forget कितीदाही केलं तरी Private DNS ला धक्का लागत नाही. दुकानांतून ‘फोन रीसेट मारा’ असा सल्ला मिळतो तो बहुधा इथेच, आणि तो मला फार महाग वाटतो. Automatic निवडून भागतं.

राऊटर बदलल्यावर कांद्याच्या चाळीवरच्या सीसीटीव्हीचंही पुष्कळदा असंच होतं. समोरच्या मॉनिटरवर चित्र दिसतं, मोबाईलवर येत नाही, कारण डीव्हीआरला बसवणाऱ्याने जुना गेटवे हाताने भरलेला असतो. तिथे Forget चं बटण नसतं. एकतर डीव्हीआरच्या मेनूत जाऊन पत्ता आणि गेटवे बदलावे, नाहीतर नवा राऊटर करू देत असेल तर त्यालाच 192.168.1.1 करून टाकावं. डीव्हीआरचा पासवर्ड कुणाच्याच लक्षात नसेल तर हा दुसरा मार्गच सोपा.