शंकासमाधान : होकार आधी, की घरचे आधी?

शंका : मी पेणजवळच्या रामवाडीची. गणपतीचा हंगाम संपल्यावर कारखान्यात रंगकाम करणाऱ्या एकाने चिठ्ठी लिहून मला लग्नाचं विचारलं. माझं मन कधीच ‘हो’ म्हणून बसलंय. पण सध्या पितृपक्ष आहे, त्याची जात वेगळी आहे आणि घरी कोणालाच माहीत नाही. घरच्यांना न विचारता होकार लिहिला तर ते चुकीचं होईल का?
– एक वाचक

समाधान : लिहा, आणि आजच लिहा. पितृपक्षात मंगलकार्य करत नाहीत. चिठ्ठी हे काही कार्य नव्हे. वाङ्निश्चयात दोन्ही घरांची वडीलमंडळी एकमेकांना शब्द देतात. तुमचा होकार फक्त तुमचा आहे, त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

मात्र ‘घरचे हो म्हणाले तर हो’ असं लिहू नका. असा होकार वाचून बिचारा रात्रभर त्याचा अर्थ लावत बसेल. आधी आनंद मोकळेपणाने येऊ द्या, घरची गोष्ट त्याच्यामागून. साधारण असं :

‘हो. शंभरदा विचारलंस तरी हो. तुझ्या चिठ्ठीच्या कोपऱ्याला पिवळा रंग लागलाय, तो मी पुसला नाही. मूर्तीचे डोळे आखताना तुझा हात हलत नाही, पण माझं नाव लिहिताना हललेला दिसतो! आता एक बोलायचंय. हे आपल्या घरच्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये असं मला वाटतं. तुझ्याकडे आधी कोणाला सांगावं? मी आईपासून सुरुवात करीन. दोघांनी एकाच दिवशी सांगायचं का?’

एकाच दिवशी, हे मुद्दाम घातलंय. पेणसारख्या गावात एका घरचं दुसऱ्या घरी पोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. आणि मग ‘त्यांना आधी सांगितलंत’ हाच राग जातीपेक्षा मोठा होऊन बसतो.

आईला आत्ता सांगायला हरकत नाही. वडीलधारे तिथी पाळणारे असतील, तर दोन्ही घरांची बैठक घटस्थापनेनंतर ठेवा. जातीचा प्रश्न निघेलच, आणि गावही बोलेल. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाच्या बहिष्काराची झळ घरच्यांनाही लागली. निर्णय तुमचा असला तरी गावाला तोंड आईवडिलांनाही द्यावं लागतं, म्हणून ते त्यांना आधी कळायला हवं.

घरचे अडून बसले आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं ठरलं, तर विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात तुमच्या नावांची नोटीस लागते आणि आक्षेपांसाठी ३० दिवस जातात. ती कोणीही वाचू शकतो. तेव्हा घरी सांगायचं ते नोटिशीआधीच सांगा.