भाजणीचं पहिलं पाकीट

माझ्या मैत्रिणीनं घरूनच चकलीची भाजणी विकायला सुरुवात केली आहे. तिला आज इथूनच सांगते.

अगं, मनापासून अभिनंदन! तांदूळ, चणाडाळ, मूगडाळ, उडीदडाळ, धणे-जिरे तू वेगवेगळे भाजतेस, हे मला फार आवडलं. एकत्र भाजलं की धणे करपतात आणि चणाडाळ आतून कच्चीच राहते. भाजलेलं पूर्ण गार झाल्यावरच दळायला नेतेस, तेही बरोबर. गरम दळलं की वाफ पिठात कोंडते आणि त्याला लवकर कुबट वास येतो. गिरणीत मात्र आधी मिरची दळली नाही ना, हे विचारून घे.

भावाचं एक सांगू? चार किलो धान्य मोजलंस तरी चार किलो पीठ हाती येत नाही. भाजताना ओल जाते, थोडं गिरणीत अडकतं. म्हणून हिशेब हाती आलेल्या पिठावर कर आणि त्यात गॅस, दळणावळ, पिशवी धर. तुझी मेहनतसुद्धा! आपण बायका नेमकी तीच सोडून देतो.

पाकिटावर दळल्याची तारीख लिही आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही.

आमच्या सोसायटीत आणि भिशीत सांगायचं काम माझं. नुसतं ‘छान आहे’ म्हणणार नाही. चकल्या तळून नेईन. फक्त आठवड्याला किती किलो जमेल ते आधी कळव, तेवढ्याच ऑर्डरी घेईन. माझी एक किलो धरून!