पस्तीस टक्के

एकत्रित ताळेबंद ताबा दाखवतो. मालकी त्यात एका ओळीपुरती असते.

मुख्य कंपनीकडे उपकंपनीचे पासष्ट टक्के शेअर असले, म्हणून एकत्रित पत्रकात उपकंपनी पासष्ट टक्के येत नाही. ती पूर्ण येते. यंत्रं पूर्ण, गोदामातला माल पूर्ण, बँकेतली रोकड पूर्ण, डोक्यावरचं कर्जही पूर्ण. खाण कुठं खोदायची, माल कुणाला विकायचा, लाभांश कधी काढायचा, हे पासष्टवाला ठरवतो आणि अख्ख्या कंपनीसाठी ठरवतो. सामायिक शेतात बारा आणे वाट्याचा भाऊ सगळं शेत कसतो, सगळं पीक एकाच खळ्यावर येतं आणि मग चार आण्यांचा वाटा मापून बाजूला ठेवला जातो. तो मापलेला वाटा म्हणजे मायनॉरिटी इंटरेस्ट. नव्या पत्रकांत तो नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट या नावानं छापतात.

ही ओळ दोन ठिकाणी भेटते. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी वर्षाचा नफा दोन भागांत फोडलेला असतो : मुख्य कंपनीच्या भागधारकांचा इतका, इतरांचा इतका. ताळेबंदात त्याच इतरांची आजवर साठलेली शिल्लक असते. जुन्या एएस २१ मध्ये ती देणी आणि भागधारकांचा निधी यांच्या मधोमध वेगळी उभी असे. इंड एएस ११० नं तिला इक्विटीत घेतलं. ते योग्यच झालं. ही रक्कम कुणाला परत करण्याची सक्ती कंपनीवर नाही, म्हणजे ती देणं नव्हे. मालकी आहे, फक्त आपली नाही.

आपली नाही, हे विसरणं फार सोपं आहे. मथळ्यात समूहाचा एकूण नफा छापून येतो, वाचणारा त्याला मुख्य कंपनीच्या शेअरसंख्येनं भागतो आणि शेअर स्वस्त ठरवून मोकळा होतो. प्रति शेअर कमाई काढायची ती इतरांचा वाटा वजा केल्यानंतरच्या नफ्यावर. कंपनी स्वतः तशीच काढते.

हिंदुस्थान झिंकचं २०२२-२३ हे वर्ष या ओळीसाठी नीट वाचण्यासारखं आहे. राजस्थानात जस्त, शिसं आणि चांदी काढणारी ही कंपनी एकेकाळी सरकारची होती. २००२ मध्ये तिचा ताबा स्टरलाइट समूहाकडे, म्हणजे आजच्या वेदांताकडे गेला. २०२२-२३ मध्ये वेदांताकडे ६४.९२ टक्के होते. उरलेल्या पस्तीस टक्क्यांतले २९.५४ अजून भारत सरकारचे होते आणि बाकीचे बाजारातल्या लहानमोठ्या भागधारकांचे.

त्या वर्षी कंपनीनं शेअरमागे ७५.५० रुपये लाभांश जाहीर केला. एकूण सुमारे ३१,९०० कोटी. वर्षाचा नफा होता साधारण १०,५०० कोटी. उरलेले २१,४०० कोटी मागच्या वर्षांच्या गंगाजळीतून आले.

आता हेच वेदांताच्या एकत्रित पत्रकात पाहा. वेदांताला मिळालेले सुमारे २०,७०० कोटी तिथं दिसतच नाहीत. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा एकत्रीकरणात पुसला जातो. तो नवा नफाही नसतो. दिसतात ते बाहेर जाणारे सुमारे ११,२०० कोटी. रोख प्रवाह पत्रकात अशी रक्कम वित्तीय व्यवहारांखाली येते, मायनॉरिटीला दिलेला लाभांश म्हणून. आणि मायनॉरिटीची शिल्लक? वर्षाच्या नफ्यातले पस्तीस टक्के, म्हणजे सुमारे ३,७०० कोटींची तिच्यात भर पडली आणि ११,२०० कोटी वजा झाले. या एका उपकंपनीपुरती ती ढोबळमानानं साडेसात हजार कोटींनी आटली.

उपकंपनी समूहातच आणि फायद्यात असताना मायनॉरिटी इंटरेस्ट घटला, तर सहसा दोनच मोठी कारणं संभवतात. एक तर इतरांचे शेअर विकत घेतले गेले, नाही तर उपकंपनीची तिजोरी वर ओढली गेली.

वर ओढण्याला किंमत पडते. मुख्य कंपनीला ६५ रुपये हवे असतील, तर उपकंपनीनं १०० रुपये वाटले पाहिजेत. ३५ रुपये समूहाच्या बाहेर जातात आणि परत येत नाहीत. एकत्रित ताळेबंदातली रोकड मोठी दिसते, पण ती उपकंपनीच्या खात्यात असते, आणि कर्जाचे हप्ते मात्र पुष्कळदा मुख्य कंपनीला भरायचे असतात. म्हणून समूहाच्या एकूण कर्जाला समूहाच्या एकूण कमाईनं भागून काढलेलं गुणोत्तर मला अपुरं वाटतं. कर्ज कुणाच्या नावावर आहे आणि कमाई कुणाच्या घरात होते, हे त्यात लपतं.

लाभांशाचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तो प्रत्येक शेअरला सारखा मिळतो. सरकारलाही त्या वर्षी ९,४०० कोटींच्या आसपास गेले.

रोकड वर नेण्याचा दुसरा रस्ता असा नसतो. जानेवारी २०२३ मध्ये हिंदुस्थान झिंकनं वेदांताचा परदेशातला जस्ताचा व्यवसाय सुमारे २९८ कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. व्यवहार झाला असता, तर पैसे उपकंपनीकडून थेट मुख्य समूहाकडे गेले असते, पस्तीस टक्के कुणालाही न देता. एकत्रित पत्रकाच्या बेरजेत काय बदललं असतं? जवळपास काहीच नाही. विकणारा घरचा, घेणाराही घरचा. असा व्यवहार एकत्रीकरणात नाहीसा होतो. रोकड तेवढीच, खाणी तेवढ्याच. बदलली असती ती फक्त मालकीची वाटणी. जी रोकड पासष्ट टक्के आपली होती ती पूर्ण आपली झाली असती, आणि तो परदेशी व्यवसाय हिंदुस्थान झिंकखाली जाऊन त्यात पस्तीस टक्के वाटेकरी आले असते. किंमत रास्त असेल तर कुणाचं नुकसान नाही. जास्त असेल, तर तो फरक मायनॉरिटीच्या खिशातून गेला असता आणि समूहाच्या एकूण आकड्यांत त्याचा मागमूस राहिला नसता.

सरकारनं लेखी विरोध केला. अशा व्यवहाराला मंजुरी देताना संबंधित पक्षाचं बाजूचं मत धरता येत नाही, म्हणून निर्णय उरलेल्या भागधारकांच्या हातात जातो. आणि त्यांत सगळ्यात मोठं सरकारच होतं. ठरलेली मुदत उलटली आणि प्रस्ताव बारगळला. ताबा नसलेल्याच्या हातातही काही असतं, ते असं.

ताळेबंदातला मायनॉरिटीचा आकडा म्हणजे त्या वाट्याची किंमत नव्हे. उपकंपनी हाती आली त्या दिवशी तो एकदा मोजला जातो, नक्त मत्तेतल्या हिश्शानं किंवा त्या वेळच्या रास्त मूल्यानं. पुढं त्यात मुख्यतः नफा मिळवायचा आणि लाभांश वजा करायचा. बाजार त्यात पुन्हा डोकावत नाही. मार्च २०२३ अखेर हिंदुस्थान झिंकची नक्त मत्ता तेरा हजार कोटींच्या जवळपास होती. तिचे पस्तीस टक्के म्हणजे साडेचार हजार कोटी. शेअरचा भाव तीनशेच्या आसपास होता, म्हणजे त्याच पस्तीस टक्क्यांचं बाजारमूल्य चाळीस हजार कोटींच्या वर. समूहाचं मूल्यमापन करताना पहिला आकडा वजा करणारा विश्लेषक इतरांची मालमत्ता आपल्या भागधारकांच्या पदरात टाकतो.

नफ्यात वाटेकरी असतात. तोट्यात कोण असतं?

जुना नियम सावध होता. मायनॉरिटीची शिल्लक शून्यावर आली की पुढचा तोटा मुख्य कंपनीनं सोसायचा, इतरांनी भरपाईचं बंधन घेतलं असेल तेवढं सोडून. इंड एएस ११० मध्ये तोटा हिश्शानं वाटला जातो, शिल्लक उणे झाली तरी. समजा, उपकंपनीची नक्त मत्ता संपली आहे आणि तिनं यंदा आणखी १०० कोटी घालवले. ३० टक्के इतरांचे असतील, तर ३० कोटींचा तोटा त्यांच्या नावे जातो आणि मुख्य कंपनीच्या भागधारकांना ७० च दिसतात. पण ते इतर ३० कोटी आणून देणार नाहीत. शेअरचे पैसे भरले की त्यांची जबाबदारी संपते. मुख्य कंपनीनं त्या कर्जाला हमी दिली असेल, तर खरा भार शंभरचा आहे.

हे ओळखायचं कसं? मायनॉरिटीचा आकडा उणे दिसला, की मुख्य कंपनीचं स्वतंत्र पत्रक उघडायचं आणि उपकंपनीसाठी दिलेल्या हम्या शोधायच्या. एकत्रित पत्रकात ती हमी सापडणार नाही, कारण कर्जच तिथं आपलं म्हणून आलेलं असतं.

खरेदी-विक्रीचा नियम मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. ताबा न सोडता उपकंपनीचे थोडे शेअर विकले किंवा आणखी घेतले, तर एकत्रित पत्रकात तो मालकांचा आपसातला व्यवहार समजतात. समजा, पुस्तकात ३३ कोटींचा असलेला मायनॉरिटीचा वाटा मुख्य कंपनीनं ५० कोटींना घेतला. १७ कोटी थेट राखीव निधीतून वजा होतात. गुडविल वाढत नाही, खर्च दिसत नाही, नफ्याला ओरखडाही उठत नाही. उलट विक्रीत झालेला लाभही एकत्रित नफ्यात येत नाही, मात्र मुख्य कंपनीच्या स्वतंत्र पत्रकात तो येतो. तर्क मला पटतो : ताबा तोच, समूह तोच, मग कमावलं कुणाकडून? पण परिणाम असा होतो की वाटेकऱ्याला महाग किमतीत बाहेर काढणाऱ्या व्यवस्थापनाला नफा-तोटा पत्रक कधीच जाब विचारत नाही. तो जाब इक्विटीतील बदलांच्या पत्रकात असतो, आणि ते पान फार थोडे लोक उघडतात.

वार्षिक अहवालात ज्या उपकंपन्यांत इतरांचा वाटा लक्षणीय आहे, त्यांची वेगळी टीप असते. इंड एएस ११२ ती द्यायला लावतं. तिच्यात प्रत्येक उपकंपनीचं नाव, इतरांची टक्केवारी, त्यांच्या वाट्याचा नफा, साठलेली शिल्लक, त्यांना दिलेला लाभांश आणि त्या उपकंपनीचे थोडक्यात आकडे मिळतात. समूहाच्या नफ्याचा मथळा वाचलात, तर शेअर घेण्याआधी ही टीपही वाचा.