खाऱ्या पाण्यातले दोन संसार

उरण, पेणकडच्या किंवा गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरात एप्रिल-मेच्या सुमारास गेलं, तर शेवटच्या वाफ्यांतलं पाणी गुलाबी, कधी विटकरी दिसतं. भरतीचं पाणी आत घेतलेलं असतं तेव्हा लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं. एकेका वाफ्यातून पुढे सरकताना ते आटत जातं. बोमे मापकावर पंचविशीच्या जरा वर काटा आला, की खाण्याच्या मिठाचे स्फटिक धरू लागतात. तोवर मूळ पाण्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी उडून गेलेलं असतं आणि लिटरमागे तीनशे ग्रॅमहून जास्त मीठ उरलेलं असतं. गुलाबी रंग दिसतो तो याच टप्प्यावर, आणि तो जिवंत असतो.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की तासाभरात पाणी सुटतं. पेशीबाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर धावतं. हा ओढा किती जबरदस्त असतो, याचा साधा हिशेब करता येतो. मिठागरातल्या या दाट पाण्याचा परासरण दाब अडीचशे वातावरणांच्याही वर जातो, म्हणजे समुद्रात अडीच किलोमीटर खोलवर असतो तेवढा. पेशीचं आवरण पाण्याला अडवत नाही, आणि पाणी थेट आत ओढून घेणारा पंप कोणत्याही सजीवाकडे नाही. तेव्हा तगायचं तर एकच मार्ग उरतो: बाहेर जितकं विरघळलेलं आहे, तितकंच काहीतरी आतही विरघळलेलं ठेवायचं. प्रश्न एवढाच, की ते काय असावं?

डुनालिएला सलायना नावाच्या एकपेशीय शेवाळाचं उत्तर आहे ग्लिसरॉल. हे शेवाळ मीठ आत येऊ देत नाही. आलंच तर बाहेर फेकतं आणि सूर्यप्रकाशात तयार केलेल्या साखरेपासून ग्लिसरॉल बनवून पेशी भरून टाकतं. संपृक्त मिठवणीत त्याच्या कोरड्या वजनातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या ग्लिसरॉलचा असू शकतो. ग्लिसरॉलचा मोठा गुण असा, की ते कितीही साठलं तरी प्रथिनांच्या कामात ढवळाढवळ करत नाही. म्हणून या शेवाळाची आतली यंत्रणा आपल्या नेहमीच्या वनस्पतींसारखीच राहू शकते. त्याला कडक पेशीभित्तिका नाही. पाऊस पडून पाणी पातळ झालं, तर ते आधी फुगतं, मग ग्लिसरॉलचा स्टार्च करून ठेवतं आणि पुन्हा पूर्वीच्या आकाराला येतं. पाणी आटलं तर याच्या उलट. जुळवून घेण्याची सोय मोठी आहे, पण ती महाग पडते. ग्लिसरॉलचा एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडपासून उभा करायला बरीच ऊर्जा खर्ची पडते, आणि असे रेणू अफाट संख्येनं लागतात.

गुलाबी रंगाचा मोठा वाटा ज्यांचा, त्या हॅलोआर्कियांनी दुसरी वाट धरली. हे जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या घराण्याचे, म्हणजे आर्किया गटातले सूक्ष्मजीव. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम हा त्यातला सर्वांत अभ्यासलेला. हे आतही मीठच भरतात, मात्र सोडियमचं नव्हे, पोटॅशियमचं. मिठवणीत पोटॅशियम तुलनेनं फार थोडं असतं, तरी यांच्या पेशीत लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड सापडतं. हे घडतं ते विजेच्या जोरावर. श्वसनातून, किंवा बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या जांभळ्या प्रथिनानं पकडलेल्या प्रकाशातून, पेशी प्रोटॉन बाहेर ढकलते. ते प्रोटॉन परत आत येताना त्यांच्या बदल्यात सोडियम बाहेर जातो. पेशीचं आतलं अंग ऋणभारित झालेलं असतं, त्यामुळे धनभारित पोटॅशियम आपसूक आत खेचला जातो. क्लोराइडसाठी प्रकाशावर चालणारा वेगळा पंप आहे. एकेक आयन आत घेण्याचा खर्च ग्लिसरॉलच्या रेणूच्या मानानं किरकोळ.

पण इतक्या क्षारात साधी प्रथिनं टिकत नाहीत. ती एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून या जीवांची जवळपास सगळीच प्रथिनं नव्या धाटणीची असावी लागतात. त्यांच्या पृष्ठभागावर अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक आम्लांची दाटी असते. त्यांचे ऋणभार पाण्याचा आणि पोटॅशियमचा थर धरून ठेवतात आणि प्रथिन विरघळलेलं राहतं. एखाद-दुसरं विकर बदलून भागत नाही, अख्खा कारखाना बदलावा लागतो. मला या सगळ्या गोष्टीतलं खरं साहस इथं दिसतं, कारण ही वाट परतीची नाही. क्षार कमी झाला की तेच ऋणभार एकमेकांना ढकलू लागतात आणि प्रथिन उलगडून निकामी होतं. पेशीचं बाहेरचं कवचही सोडियमच्याच आधारानं उभं असतं. प्रयोगशाळेत याची खूण अगदी स्पष्ट दिसते: हॅलोबॅक्टेरियमच्या दाट लाल वसाहतीत ऊर्ध्वपातित पाणी घातलं की पेशी फुटतात, आणि सुट्या झालेल्या डीएनएमुळे तो द्रव काडीला तारेसारखा चिकटून ओढला जातो.

आतबाहेर इतका समतोल साधल्याचा एक परिणाम डोळ्यांनी पाहण्याजोगा आहे. बहुतेक जिवाणूंच्या पेशीत बाहेरच्यापेक्षा दाब जास्त असतो, म्हणून त्या गोल किंवा दंडगोल होतात. 1980 साली अँथनी वॉल्स्बी यांनी सिनाईतल्या एका खाऱ्या डबक्यातल्या पाण्यात सपाट, चौकोनी, काटकोनी कोपऱ्यांच्या पेशी पाहिल्या. फुगवणारा दाबच जवळपास नसल्यामुळे चौकोन चौकोन राहू शकतो. आज या जीवाला हॅलोक्वाड्रॅटम वॉल्स्बिआय म्हणतात. तो प्रयोगशाळेत वाढवायला 2004 साल उजाडावं लागलं.

2020 च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्कियाच पुढे आले. लोणारचं पाणी मिठागरासारखं नाही, ते अल्कधर्मी आहे. पण उन्हाळ्यात आटून क्षार वाढले की रंग चढणं, हे तिथंही तसंच.

मृगाच्या सरी मिठागरावर कोसळल्या की वाफ्यांतले हॅलोआर्किया मोठ्या संख्येनं फुटून जातात. शेवाळ मात्र ग्लिसरॉल आवरून निभावून नेतं. हॅलोआर्कियांतले काही वाचतात ते मिठाच्या खड्यात. स्फटिक वाढताना त्याच्या पोटात मिठवणीचे बारीक थेंब अडकतात आणि त्या थेंबांत पेशी जिवंत राहतात. खारवलेल्या मासळीवर किंवा कातड्यावर लाल डाग पडून वास येऊ लागतो, तो बहुधा असल्याच मिठातून आलेल्या जीवांचा उद्योग असतो. त्यांची वाढ उबेत होते, म्हणून खारवलेला माल थंड जागी ठेवला तर हे डाग सहसा पडत नाहीत.

आणि या दोघांचा संसार वेगळा असला तरी चूल एकमेकांत अडकलेली आहे. डुनालिएलाच्या पेशीतून ग्लिसरॉल थोडं झिरपतं, पेशी मेली की सगळंच बाहेर पडतं, आणि हॅलोआर्कियांचं मिठागरातलं एक मुख्य अन्न तेच. मीठ आत न घेण्यासाठी शेवाळानं जो महाग माल तयार केला, त्यावर मीठ आत घेणाऱ्यांची लाल गर्दी पोसली जाते.