चांदण्याला उत्तर

कोजागरीच्या रात्री दूरच्या आप्ताने चंद्राचे छायाचित्र पाठवावे आणि खाली एवढेच लिहावे, ‘काय चंद्र आहे पाहा!’ याला उत्तर काय द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक. परंतु स्नेह आणि सत्य या दोहोंचा मान त्यात राखावा लागतो.

वडोदऱ्याहून आमच्या भाच्याने असेच एक छायाचित्र पाठविले होते. वर उजवीकडे पूर्णचंद्र, खाली डावीकडे एक निळसर ठिपका. कुटुंबातील एका वडीलधाऱ्यांनी तत्काळ कळविले, ‘ती शुक्राची चांदणी.’ हेतू कौतुकाचाच होता. तथापि तो शुक्र असणे शक्य नव्हते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर, सुमारे १८० अंशांवर असतो. शुक्र मात्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. पूर्णचंद्राच्या सान्निध्यात मंगळ, गुरू वा शनी येऊ शकतात, शुक्र नव्हे.

मग तो गुरू म्हणावा काय? येथेच थांबले पाहिजे. तेजस्वी चंद्राचा प्रकाश कॅमेऱ्याच्या भिंगांत परावर्तित होऊन चित्रात त्याचे फिकट प्रतिबिंब उमटते. ते बहुधा चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे, चंद्राच्या विरुद्ध दिशेला, जवळपास तितक्याच अंतरावर पडते. कॅमेरा किंचित वळविला तर ग्रह चंद्राच्या संदर्भात आपली जागा सोडत नाही. प्रतिबिंब मात्र सरकते. परंतु एकाच चित्रावर ही परीक्षा करता येत नाही, आणि पाठविणाऱ्याने चित्राच्या कडा कापल्या असतील, तर मूळ मध्यबिंदूही हाती राहत नाही.

म्हणून आम्ही लिहिले, ‘चंद्र फार सुरेख आला आहे. इथेही गच्चीवर आटीव दुधाची वाट पाहत सारे बसलो आहोत. तो ठिपका शुक्र नसावाच. पौर्णिमेला तो चंद्राजवळ येत नाही. मग काय आहे, हे चित्रावरून सांगता येत नाही. तुला नुसत्या डोळ्यांनी दिसला होता का?’

कोणी म्हणेल, आनंदाच्या क्षणी ही चिकित्सा कशाला? आम्हांस वाटते, चिकित्सेने आनंद उणावत नाही. तो उणावतो उसन्या ज्ञानाने. ठिपक्याला घाईने नाव दिले की पाहणे संपते आणि बोलणाऱ्याच्या जाणतेपणाकडे लक्ष वळते. ‘तुला दिसला होता का?’ या प्रश्नाने मात्र पाठविणारा पुन्हा अंगणात जातो, मान वर करतो. नम्रता म्हणजे मौनही नव्हे. जे निश्चित नाकारता येते ते नाकारावे, जे ठरविता येत नाही ते मोकळे ठेवावे.

कोजागरीला लक्ष्मी ‘को जागर्ति’, कोण जागे आहे, असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा. कोणास किती ठाऊक आहे, हे ती विचारीत नाही. छायाचित्र पाठविणाऱ्याचे विचारणेही तेच असते, आणि आपणही जागे आहोत, हे त्याला कळले पाहिजे.