केस प्रेझेंटेशनचे गुण आणि परीक्षकांचे एकमत

१९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण पडले तिसाच्या आतपासून नव्वदीच्या वरपर्यंत! भूमितीची ही गत. मग नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डातल्या रुग्णाची केस तोंडी मांडते आणि समोर इंटर्नल, एक्स्टर्नल असे वेगवेगळे परीक्षक बसतात, तेव्हा गुण कशाच्या आधारावर पडतात?

यावरचा एक जुना तोडगा म्हणजे सरासरी. एकाने दहापैकी आठ दिले, दुसऱ्याने चार, म्हणून सहा. पण सहा गुणांची केस त्या खोलीत कोणीच पाहिलेली नसते. मतभेद कशावर झाला, हाच खरा प्रश्न असतो आणि सरासरी नेमका तोच झाकून टाकते.

त्यानंतर चेकलिस्ट आली. १९७५ मध्ये हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीतून ऑस्की पद्धत मांडली: सर्वांना तीच स्टेशन्स, तीच कामे आणि ठरलेली यादी. इंजेक्शन देणे किंवा ड्रेसिंग करणे तपासायला हे उत्तम आहे. केस प्रेझेंटेशनमध्ये मात्र यादी उघडी पडते. समजा, रुग्ण सीओपीडीचा आहे, एसपीओटू ८४ टक्के, श्वास मिनिटाला ३०, बोलताना धाप लागते. विद्यार्थिनीने चार नर्सिंग डायग्नोसिस मांडली. पहिले चिंता, दुसरे झोपमोड, तिसरे अपुरा आहार आणि चौथे, शेवटचे, श्वसनाचे. ‘नर्सिंग डायग्नोसिस मांडली का?’ या ओळीपुढे बरोबरची खूण आणि पूर्ण गुण. आपण काय तपासायला बसलो होतो, ते या यादीत कुठेच नाही. १९९९ मध्ये टोरांटोच्या हॉजेस आणि सहकाऱ्यांना तर असे आढळले की, ऑस्कीच्या चेकलिस्टवर अनुभवी डॉक्टरांनाच शिकाऊंपेक्षा कमी गुण पडतात.

म्हणून आता निकषाची प्रत्येक पातळी शब्दांत लिहायची, असा विचार रुजला आहे. वरच्या केससाठी ‘प्राधान्यक्रम’ हा निकष घ्या. चार गुण: जिवाला धोका असलेली समस्या आधी आणि ती का आधी, हे रुग्णाच्या आकड्यांवरून सांगितले. तीन: क्रम बरोबर, कारण पुस्तकातले. दोन: श्वसनाची समस्या आली, पण खाली ढकललेली. एक: ती आलीच नाही. आपल्या विद्यार्थिनीला इथे दोन. ‘उत्तम’, ‘बरे’, ‘साधारण’ असे शब्द ठेवले, तर प्रत्येक परीक्षक त्यात स्वतःचा अर्थ भरतो.

सादरीकरणाला वेगळा आणि लहान निकष हवा, पन्नासात पाचाहून जास्त नको. अस्खलित इंग्रजी ऐकले की परीक्षकाचा हात बाकीच्या निकषांतही सैल सुटतो. एका गुणाची छाप बाकी सगळ्यावर पडण्याचा हा दोष मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्येच दाखवून दिला होता. मराठी माध्यमातून आलेली मुलगी अडखळत बोलते, पण तिने रुग्णाला पुढे झुकवून बसवले, ऑक्सिजन मोजून लावला. तिचे हे गुण भाषेपायी जाऊ नयेत.

उलट, काही चुका बेरजेत विरघळू देता कामा नयेत. सीओपीडीच्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असेल, तर ऑक्सिजनचे लक्ष्य सहसा ८८ ते ९२ टक्के असते. ‘शंभर टक्के होईपर्यंत ऑक्सिजन वाढवीन’ म्हणणारी विद्यार्थिनी बाकी सर्व निकषांवर चांगली असली, तरी तिथे थांबून तिला व्हायवात विचारलेच पाहिजे. सुरक्षिततेचा निकष मी बेरजेबाहेर, पास किंवा नापास असाच ठेवीन.

इतके करूनही कागद स्वतः गुण देत नाही. कडक आणि सढळ परीक्षक राहतातच. दोघेही सर्व मुलींना तपासत असतील, तर निदान क्रमवारीत कोणावर अन्याय होत नाही. अर्धा वर्ग एकाकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे गेला, की रोल नंबरच निकाल ठरवू लागतो. त्यामुळे जोड्या फिरत्या ठेवाव्यात. आधी प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता गुण लिहावेत. एखाद्या निकषावर दोन पातळ्यांचा फरक पडला, तरच बोलावे, आणि तेही ‘विद्यार्थिनीने नेमके काय म्हटले?’ इथून. पद किंवा वय इथून नव्हे.

रुग्ण सर्वांना सारखे मिळत नाहीत, हा मुद्दा मात्र पूर्ण सुटत नाही. आयसीयूतली केस आणि साध्या फ्रॅक्चरची केस एका मापाने मोजता येत नाही. निकष विचारप्रक्रियेचे ठेवले, तर ही दरी थोडी कमी होते, इतकेच.

परीक्षेआधी एक तास काढा. मागच्या वर्षीचे एखादे रेकॉर्ड केलेले प्रेझेंटेशन, विद्यार्थिनीची परवानगी घेऊन आणि रुग्णाची ओळख झाकून, सर्व परीक्षकांनी एकत्र पाहावे, वेगवेगळे गुण द्यावेत आणि ज्या ओळीवर मते फाटतील ती ओळ तिथेच बदलून लिहावी. आणि निकषांचा तो तक्ता मुलींच्या हातात पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी द्यावा.